तीन दिवसांत क्रिएटिनिन २.० वरून ३.६: हा किडनीचा जुना आजार की आत्ताची इजा?

खाडीकिनारा (धागाकर्ता)

मी ठाण्याला कोलशेत परिसरात राहतो. माझे वडील ६७ वर्षांचे असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. जानेवारीत सोसायटीच्या शिबिरात केलेल्या तपासणीत त्यांचे क्रिएटिनिन १.१ होते. गेल्या आठवड्यात एका लग्नाहून आल्यावर त्यांना तीन दिवस जुलाब झाले आणि खाणेपिणे जवळजवळ बंद होते. रविवारी चक्कर येऊन पडल्यामुळे त्यांना रुग्णालयात दाखल केले. सोमवारी क्रिएटिनिन २.०, मंगळवारी २.८ आणि आज बुधवारी ३.६ आले आहे. सलाईन सोमवारपासून सुरू आहे. लघवी पहिले दोन दिवस फारच कमी, दिवसाला साधारण ४०० मिली होती.

माझा प्रश्न उपचारांविषयी नाही, कारण ते डॉक्टर पाहत आहेत. सोमवारच्या रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा सूत्राने काढलेला अंदाज, ३६ छापून खाली ‘किडनीचा दीर्घकालीन आजार, टप्पा ३ ब’ असा शेरा होता. तो वाचून घरात रडारड झाली आणि आत्याने तर डायलिसिसच्या खर्चाची चौकशीही केली. परंतु आज सकाळी किडनीच्या डॉक्टरांनी तीनही आकडे ओळीने पाहिले आणि म्हणाले, “हा जुना आजार दिसत नाही, ही आत्ताची इजा आहे.” आकडा रोज वाढत असताना त्यांना त्यात बरे काय दिसले, हे मला समजून घ्यायचे आहे.

सदाफुली

वडिलांना लवकर बरे वाटो. क्रिएटिनिन कमी करण्यासाठी आमच्याकडे गोखरूचा काढा आणि बार्लीचे पाणी देतात. डाळी आणि टोमॅटो पूर्ण बंद करावेत.

खाडीकिनारा

ताई, आभार. पण मी क्रिएटिनिन कमी कसे करावे हे विचारलेले नाही. शिवाय सध्या पाणीसुद्धा डॉक्टर मोजून देत आहेत, त्यामुळे काढा नको.

मात्रा

मी वाशीत फिजिशियन आहे. तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही, म्हणून फक्त तुमच्या प्रश्नापुरते लिहिते.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते आणि तुमच्या वडिलांच्या वयाच्या, साधारण अंगकाठीच्या माणसात ते दिवसाला साधारण एक ग्रॅम, म्हणजे बऱ्यापैकी ठरलेल्या प्रमाणात रक्तात येत राहते. ते बाहेर टाकण्याचे काम किडनीचे. आता इमारतीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून पाणी सतत एकाच धारेने पडते आहे आणि खालच्या नळातून जाते आहे. नळ अर्धा बंद केला तर पातळी वाढू लागेल, पण ती वाढतच जाणार नाही. पातळी जशी चढेल तसा दाब वाढेल आणि अर्ध्या उघड्या नळातूनही पूर्वीइतकेच पाणी जाऊ लागेल. त्या क्षणी पातळी थांबेल, मात्र आधीपेक्षा वर थांबेल.

किडनीचा जुना आजार म्हणजे वर्षानुवर्षे अर्धवट बंद असलेला नळ. तेथे पातळी उंच असते, पण स्थिर असते. पातळी रोज चढताना दिसली तर तिचा अर्थ एकच होतो: जितके तयार होते आहे तितके या घडीला बाहेर जात नाही, आणि नळ इतका अलीकडे बंद झाला आहे की टाकीला नवी पातळी गाठायलासुद्धा अजून वेळ मिळालेला नाही. म्हणून क्रिएटिनिनचा एक आकडा फक्त पातळी किती आहे ते सांगतो, तर आकड्यांचा चढ नळ केव्हा बंद झाला ते सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी ३.६ पाहून नव्हे, तर २.०, २.८, ३.६ हा चढ पाहून निदान केले.

टाकी_आणि_नळ

मी पाणीपुरवठ्यात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे टाकी म्हटल्यावर राहवत नाही. उपमा चांगली आहे, पण तंतोतंत नाही. टाकीच्या तळाच्या छिद्रातून जाणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे उंची चौपट झाली तरी प्रवाह दुप्पटच होतो. किडनीचेही तसेच असते का?

मात्रा

काका, हरकत मान्य. किडनीचे गणित टाकीपेक्षा सरळ आहे. गाळले जाणारे क्रिएटिनिन रक्तातील पातळीच्या थेट प्रमाणात असते, म्हणून गाळणी निम्म्यावर येऊन तेथेच राहिली तर पातळी हळूहळू दुप्पट होते आणि थांबते. गाळणी पाव झाली तर चौपट होऊन थांबते.

हेच पुढे नेले की सोमवारच्या रिपोर्टमधली चूक दिसते. ईजीएफआरचे सूत्र ‘पातळी थांबलेली आहे’ हे गृहीत धरते. वय ६७, पुरुष आणि क्रिएटिनिन २.० एवढे दिले की यंत्र ३६ छापते आणि त्या आकड्यावरून टप्पाही छापते. परंतु सोमवारी पातळी थांबलेली नव्हती, ती चढणीच्या वाटेवर होती. त्या दिवशी खरी गाळणी बहुधा ३६ पेक्षा खूपच कमी, कदाचित दहाच्याही आसपास असेल. म्हणजे त्या शेऱ्याने एकाच वेळी दोन उलट चुका केल्या. आजार जुना आहे असे सांगून तुम्हाला विनाकारण घाबरवले आणि त्या दिवशी किडनी प्रत्यक्षात किती मंदावली होती ते मात्र कमी करून दाखवले.

टाकी_आणि_नळ

मग चढाच्या वेगावरून नळ किती बंद आहे ते काढता येईल. दिवसाला एक ग्रॅम येते म्हणता. ते किती पाण्यात मिसळते?

मात्रा

शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पाण्यात. ६० ते ६२ किलोच्या या वयाच्या पुरुषात ते सुमारे ३५ लिटर, म्हणजे ३५० डेसिलिटर धरा. १००० मिलिग्रॅम त्यात मिसळले आणि काहीच बाहेर गेले नाही, तर कागदावर दिवसाला सुमारे २.९ ची वाढ येते. प्रत्यक्षात किडनी पूर्ण थांबली तरी बहुतेक रुग्णांत रोजची वाढ १ ते १.५ च्या घरात दिसते, कारण आजारी माणसाच्या स्नायूंतून क्रिएटिनिन कमी तयार होते आणि वरून दिलेले सलाईन ते पातळ करते. येथे वाढ रोज ०.८ आहे. यावरून किडनी पूर्ण बंद नाही, पण तिचे बरेचसे काम थांबले आहे, एवढा ढोबळ अंदाज करता येतो. त्याहून बारीक हिशेबावर मी विश्वास ठेवणार नाही.

जुन्या आजाराचा वेग याच्या शेजारी ठेवून पाहा. जानेवारीतल्या १.१ चा ईजीएफआर ७४ च्या आसपास येतो. मधुमेहामुळे दरवर्षी ५ मिली गाळणी कमी होत गेली, आणि हा काही मंद वेग नव्हे, तरी ७४ वरून ३६ वर यायला साडेसात वर्षे लागतील. येथे ते काही दिवसांत घडले आहे. केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ४८ तासांत ०.३ ची किंवा सात दिवसांत दीडपट वाढ झाली तर तिला अचानक झालेली इजा म्हटले आहे, तर जुना आजार म्हणायला किमान तीन महिन्यांचा पुरावा लागतो. एका दिवसाच्या रिपोर्टवर ‘दीर्घकालीन’ हा शब्द छापताच येऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐरोलीकर

मी हा धागा वाचून गोंधळलो आहे. माझ्या आईचे क्रिएटिनिन ४.२ आहे आणि तिला दाखल करून घ्या म्हटले तर डॉक्टर नाही म्हणतात. धागाकर्त्याच्या वडिलांचे ३.६ असताना ते रुग्णालयात आहेत. मग माझ्या आईकडे दुर्लक्ष होते आहे का?

मात्रा

आईचे मागचे आकडे काय होते?

ऐरोलीकर

फाइल काढून पाहिली. गेल्या वर्षी मार्चमध्ये ३.८, ऑगस्टमध्ये ४.०, डिसेंबरमध्ये ४.१ आणि आता ४.२. हिमोग्लोबिन ९.४ आहे. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या ७.८ आणि ८.१ सेंटिमीटरच्या, आकसलेल्या असे लिहिले आहे.

मात्रा

तर तुमच्याकडे उंच पण जवळजवळ स्थिर पातळीचे अगदी स्वच्छ उदाहरण आहे. वर्षभरात जेमतेम ०.४ ने वाढ झाली, किडन्या आकसल्या आहेत आणि हिमोग्लोबिनही उतरले आहे. हा जुना आजार आहे. आईचे शरीर त्या पातळीला हळूहळू सरावले आहे, म्हणून ४.२ असूनही ती घरात हिंडते फिरते. धागाकर्त्याच्या वडिलांना ती सवय होण्याइतका वेळ मिळालेला नाही. शिवाय चढत्या पातळीत पोटॅशियम किती वेगाने वाढेल ते सांगता येत नाही, म्हणून रोज रक्त तपासावे लागते. तुमच्या आईकडे दुर्लक्ष होते आहे असे मला या आकड्यांवरून वाटत नाही. मात्र तिला जुलाब उलट्या झाल्या आणि हा आकडा चार दिवसांत ४.२ चा ५.५ झाला, तर ‘आईचे नेहमीच जास्त असते’ असे म्हणून घरी थांबू नका. जुन्या आजारावर नवी इजा बसते, किंबहुना अशाच किडनीवर ती सहज बसते.

काचपट्टी

मी नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. छापील शेऱ्याबद्दलची टीका योग्य आहे. तो शेरा सॉफ्टवेअर आपोआप टाकते, पण रिपोर्टवर आमची सही असते, म्हणून हे बोलणे मला लागले.

तरीही एक भर घालतो. निदान सोपे आहे, कारण वडिलांच्या सोनोग्राफीत किडनीचा आकार सामान्य आला तर इजा नवीन आणि लहान आला तर आजार जुना. चढ वगैरे पाहण्याची गरजच नाही. दुसरे असे की क्रिएटिनिन वाढले म्हणजे किडनीला इजा झालीच असेही नसते. काही औषधांनी ते नुसतेच वाढते.

खाडीकिनारा

सोनोग्राफी आजच झाली. उजवी १०.२ आणि डावी १०.४ सेंटिमीटर, अडथळा नाही, सूजही नाही. हिमोग्लोबिन १२.८ आहे.

मात्रा

काचपट्टी, तुमचे दुसरे म्हणणे बरोबर आहे, पहिले अर्धेच बरोबर आहे. आकसलेली किडनी जुन्या आजाराची भक्कम साक्ष देते, हे खरे. उलट बाजू मात्र तितकी भक्कम नाही. मधुमेहात आजार जुना असूनही किडनीचा आकार बराच काळ सामान्य, कधी कधी तर मोठाही राहतो. धागाकर्त्याचे वडील मधुमेहीच आहेत, म्हणून १०.२ या एकट्या आकड्यावर मी निर्धास्त झाले नसते. येथे खरे वजन जानेवारीतल्या १.१ ला आणि रोजच्या ०.८ च्या चढाला आहे. सोनोग्राफीचा येथे अधिक मोलाचा उपयोग म्हणजे मूत्रमार्गात अडथळा नाही हे कळले. या वयात प्रोस्टेटमुळे लघवी तुंबूनही क्रिएटिनिन असेच चढते, आणि तेव्हा सलाईन देत बसण्यात अर्थ नसतो.

औषधांचा मुद्दा थोडा उलगडून सांगाल का? तुमच्याकडे अशी प्रकरणे येत असतील.

काचपट्टी

आकाराबद्दल मी कमी बोलायला हवे होते. औषधांचे सांगतो. काही क्रिएटिनिन गाळले न जाता किडनीच्या नलिकांमधून थेट लघवीत सोडले जाते. सेप्ट्रानमधले ट्रायमेथोप्रिम ही वाट अडवते. गाळणी ठणठणीत असूनही पातळी थोडी चढते आणि काही दिवसांतच नव्या जागी थांबते. अशा वेळी युरिया सहसा जागचा हलत नाही. आदल्या रात्री भरपूर मटण खाऊन सकाळी रक्त दिले तरी आकडा थोडा वर दिसतो. दोन प्रयोगशाळांत पद्धत वेगळी असेल तर ०.१ ते ०.२ चा फरकही पडतो, आणि जुन्या जाफे पद्धतीत रक्तातल्या किटोनमुळेसुद्धा आकडा फुगतो. म्हणून १.१ चे १.३ झाले तर आम्ही तोच नमुना पुन्हा लावतो. पण २.० चे ३.६ यांपैकी कशानेही होत नाही, हे मान्य करावे लागेल.

टाकी_आणि_नळ

मग ४८ तासांत ०.३ ही मर्यादा फारच बारीक नाही का? आमच्या मीटरमध्ये एवढी चूक गृहीतच असायची.

मात्रा

१.० च्या आसपास असलेल्या माणसात ०.३ म्हणजे गाळणीत खरोखर मोठी घट, त्यामुळे तेथे ती मर्यादा उपयोगी आहे. ऐरोलीकरांच्या आईसारख्या ४.२ वर असलेल्या रुग्णात मात्र ४.२ चे ४.५ होणे यंत्राच्या आणि शरीराच्या रोजच्या चढउतारातही बसू शकते. उंच पातळीवर गाळणीतली किरकोळ घटसुद्धा क्रिएटिनिनमध्ये मोठी दिसते. म्हणून जुन्या रुग्णांना हाच निकष लावावा का, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. मी अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासते आणि चढ टिकतो का ते पाहते.

चढ दिवसांचाही नाही आणि वर्षांचाही नाही, तर आठवड्यांचा आहे, असा आणखी एक प्रकार असतो. पहिल्या आठवड्यात १.४, तिसऱ्यात २.३, पाचव्यात ३.५ आणि लघवीत रक्त व प्रथिने. त्याला जुना आजार समजून महिनाभर थांबणे महागात पडते, कारण ती गाळण्यांची दाहक विकृती असू शकते आणि तिच्यावर उपचाराची संधी थोडे दिवसच असते. धागाकर्त्याच्या वडिलांच्या लघवीत काय होते?

खाडीकिनारा

प्रथिने अगदी थोडी, रक्त नाही, आणि ‘मातकट तपकिरी दाणेदार कास्ट’ असे लिहिले आहे. डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी मागवली, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. बाबा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवीचे औषध एकत्र असलेली गोळी घेतात. जुलाब चालू असतानाही ती त्यांनी सोडली नाही. लग्नात उभे राहून गुडघे दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी दिवसातून दोनदा, असे पाच दिवस घेतली. ती त्यांनी आम्हाला सांगितलीच नव्हती.

मात्रा

मग नळ कोणी बंद केला ते कळले. जुलाबाने शरीरातले पाणी गेले आणि लघवीच्या औषधाने आणखी गेले. पाणी कमी पडले की किडनी आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून आणि बाहेर जाणारी आवळून गाळणीतला दाब टिकवते. डायक्लोफेनॅकने आतली वाहिनी रुंद ठेवण्याची सोय काढून घेतली आणि टेल्मिसार्टनने बाहेरची आवळण्याची. ही तीन औषधे चांगल्या तब्येतीत एकत्र चालूनही जातात, पण जुलाबात किडनीकडे राखीव असे काहीच उरत नाही.

कास्ट म्हणजे किडनीच्या नलिकांत तयार होऊन लघवीत आलेले साचे. तपकिरी कास्ट सांगतात की प्रकरण नुसत्या कोरडेपणावर थांबलेले नाही, नलिकांच्या पेशींनाही इजा झाली आहे. केवळ पाणी कमी पडल्याचा प्रश्न असता तर सोमवारच्या सलाईनने दोन तीन दिवसांत आकडा उतरायला लागला असता. पेशी पुन्हा तयार व्हायला मात्र दिवस, कधी आठवडे लागतात.

खाडीकिनारा

शनिवारचा वृत्तान्त. गुरुवारी ३.९ आले, शुक्रवारी ३.९ आणि आज ३.८. लघवी काल १३०० मिली झाली. डॉक्टर आज प्रथमच हसले. ३.८ म्हणजे सोमवारच्या जवळजवळ दुप्पट, तरी डॉक्टर खूश, हे आठ दिवसांपूर्वी मला समजले नसते.

टाकी_आणि_नळ

पातळी थांबली, म्हणजे येते तेवढे जाऊ लागले. पण नळ उघडला तो त्याआधीच. पातळी थांबायच्या आधी प्रवाह वाढलेला असतो.

मात्रा

बरोबर. क्रिएटिनिन चढताना इजेच्या मागे राहते आणि उतरताना सुधारणेच्याही मागे राहते. आता ईजीएफआर काढला तर तो १६ किंवा १७ येईल आणि तोही चुकीचा असेल, फक्त या वेळी उलट्या बाजूने.

ऐरोलीकर

डायलिसिस लागले नाही याचा आनंद आहे. आईच्या कपाटात गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी सापडली. काढून ठेवली आहे. डॉक्टरांना विचारतो.

खाडीकिनारा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. घरी सोडताना २.३ होते. काल बाहेरच्या प्रयोगशाळेत १.४ आले. घरचे म्हणतात झाले पूर्ण बरे. मला मात्र १.१ आणि १.४ मधला फरक सतावतो आहे. शिवाय टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करायचे की नाही, यावर किडनीचे डॉक्टर आणि आमचे जुने फॅमिली डॉक्टर यांची मते वेगळी आहेत.

काचपट्टी

जानेवारीचे शिबिर आणि कालची प्रयोगशाळा वेगळ्या असतील तर त्यातले ०.१ ते ०.२ पद्धतीचे असू शकतात. पुढची तपासणी एकाच ठिकाणी करा. महिनाभर आजारपणात स्नायू झडले असतील तर उलट १.४ हा आकडा दिसतो त्यापेक्षा थोडा वाईटही असू शकतो.

मात्रा

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. वजन किती कमी झाले ते पाहा. इजेपासून तीन महिने पूर्ण झाल्यावर क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन दोन्ही तपासा. तोपर्यंत हा उरलेला ०.३ कोणाच्या नावावर टाकायचा, इजेच्या की आधीपासून लपलेल्या मधुमेही आजाराच्या, हे ठरवता येणार नाही. जानेवारीत लघवीतील अल्ब्युमिन कोणी तपासले होते का?

टेल्मिसार्टनबद्दल मी या धाग्यावर बाजू घेणार नाही. मधुमेहात लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर ते किडनीचे रक्षण करते, म्हणून कायमचे बंद करणे मला पटत नाही. पण केव्हा आणि किती मात्रेत सुरू करायचे, हे रक्तदाब आणि पोटॅशियम समोर असलेल्या माणसाने ठरवावे.

खाडीकिनारा

जानेवारीची फाइल पाहिली. लघवीची तपासणी त्या शिबिरात नव्हतीच.